‘झालं गेलं विसरा’ हा सल्ला चुकीचा आहे

ठाण्यातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघानं गेल्या पावसाळ्यात मला बोलायला बोलावलं. विषय मीच दिला होता : मागे वळून पाहणं. आदल्या दिवशी चिटणीसांचा फोन आला. म्हणाले, “मॅडम, एक विनंती. जरा पॉझिटिव्ह बोला. आमच्याकडे बरेच जण एकटे राहतात. जुन्या गोष्टी निघाल्या की रडारड होते.” त्यांची काळजी खरी होती. संघाचा महिन्याचा कार्यक्रम मला ठाऊक होता : वाढदिवस, मृत्युपत्रावर वकिलांचं भाषण, गुडघ्यांवर डॉक्टरांचं भाषण, भजन, एक सहल. पंचाहत्तर वर्षं जगलेली साठेक माणसं दर बुधवारी एका हॉलमध्ये जमतात आणि त्या पंचाहत्तर वर्षांबद्दल बोलायला तिथं जागाच नसते. भाषणात मी जे सांगितलं ते, आणि नंतर एका सभासदाबरोबर जे घडलं ते, इथं लिहिते आहे. वृद्धांना ‘झालं गेलं विसरा, आनंदी राहा’ असं सांगणं बंद व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे. मानसशास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली आणि आता मी स्वतः अडुसष्टची आहे.

म्हातारी माणसं जुन्या आठवणी काढतात म्हणजे त्यांचा मेंदू थकला, ती वर्तमानातून उठून गेली, असं गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत डॉक्टरही मानत. आठवणींत रमणाऱ्याला भानावर आणा, पत्त्यांत गुंतवा, हा त्यावरचा उपाय. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञानं १९६३ साली एक लेख लिहून हे उलटं केलं. बटलर आजी-आजोबांकडे वाढला होता, म्हातारी माणसं त्यानं जवळून पाहिली होती. त्याचं म्हणणं असं की मरण जवळ आलं आहे हे जाणवू लागलं की मन आपसूक मागचं आयुष्य काढून बसतं. न मिटलेली भांडणं, न बोललेली वाक्यं पुन्हा वर येतात आणि माणूस त्यांचा नव्यानं विचार करतो. याला त्यानं जीवनाचा आढावा म्हटलं. वयामुळे माणसाला कमी लेखण्याच्या वृत्तीला ‘एजिझम’ हे नाव १९६९ मध्ये त्यानंच दिलं.

त्या लेखातली एक गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही. आढाव्यानं मन शांत होईलच, असं बटलरनं कुठंही म्हटलेलं नाही. काहींना त्यातून सुटका मिळते, काही अपराधाच्या भावनेत बुडतात, काही पार कोसळतात. ज्याला हा हिशेब एकट्यानं, ऐकणारं कुणी नसताना करावा लागतो त्याला धोका अधिक. म्हणजे चिटणीसांची भीती निराधार नव्हती. पण ‘विसरा’ म्हटल्यानं आढावा थांबत नाही. तो पहाटे साडेतीनला अंथरुणात चालू राहतो, आणि तिथं माणूस एकटाच असतो.

एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाचं नाव बी.ए., बी.एड. केलेल्या प्रत्येकानं ऐकलेलं असतं. १९५० साली त्यानं माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले. शेवटच्या टप्प्यातल्या ओढाताणीला आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘एकात्मता विरुद्ध नैराश्य’ असं भाषांतर मिळालं आणि परीक्षेपुरतं पाठ होऊन संपलं. ‘एकात्मता’ म्हटलं की आपल्याला राष्ट्रीय एकात्मता आठवते. ‘इंटिग्रिटी’ म्हटलं की लाच न घेणारा अधिकारी. एरिक्सनला यातलं काहीच म्हणायचं नव्हतं. गणितातल्या पूर्णांकाचं इंग्रजी नाव ज्या लॅटिन शब्दातून आलं, त्यातूनच हा शब्द आला आहे : तुकडे न पडलेलं, अख्खं. माझं आयुष्य हे एवढंच होतं, एकदाच होतं, त्यातली माणसं हीच होती आणि त्यांच्या जागी दुसरी कुणी चालली नसती, असं म्हणता येणं. भाषणात मी त्याला ‘सांधलेपण’ म्हटलं. गोधडीचे तुकडे निरनिराळ्या लुगड्यांचे असतात, काही विटलेले असतात, तरी गोधडी एक असते.

त्यावर पहिल्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, “म्हणजे आपलं प्रारब्धच की.” हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. जे झालं ते तसंच व्हायचं होतं, हे वाक्य दोन्हीकडे सारखंच ऐकू येतं. पण एरिक्सन त्याला आणखी एक गोष्ट जोडतो : माझं आयुष्य ही माझी जबाबदारी होती. आईवडिलांबद्दलही तो असंच सांगतो. ते वेगळे असते तर बरं झालं असतं, ही इच्छा सुटते आणि मग त्यांच्याविषयी एक निराळं प्रेम वाटू लागतं. आपल्याकडे प्रारब्ध हा शब्द बहुतेक वेळा चर्चा मिटवायला वापरला जातो. तो उच्चारला की माझा वाटा किती आणि काळाचा किती, हे पाहायचं राहून जातं. आढाव्यात नेमकं तेच पाहायचं असतं.

दुसरा शब्द नैराश्य. आता उरलेला वेळ इतका थोडा आहे की दुसरं आयुष्य सुरू करून बघता येणार नाही, ही ती जाणीव. एरिक्सनच्या लिखाणातला मला सर्वांत खरा वाटलेला भाग इथं आहे. हे नैराश्य क्वचितच नैराश्याच्या रूपात दिसतं, असं तो म्हणतो. ते तिटकाऱ्याच्या आड लपतं. हजार बारीकसारीक गोष्टींचा वीट येतो : हल्लीची मुलं, सुनांचा स्वयंपाक, बँकेतला कारकून, टीव्ही, पुढारी, शेजारी. माणूस जगाला नावं ठेवत असतो आणि ते सगळं मिळून स्वतःबद्दलच्या एका मोठ्या खंतीइतकंही भरत नाही. हे वाक्य मी सांगितलं तेव्हा हॉलमध्ये जी शांतता पसरली ती माझ्या लक्षात राहिली आहे.

एकाचा विजय आणि दुसऱ्याचा पराभव, असंही एरिक्सनला म्हणायचं नव्हतं. दोन्ही राहतात. सांधलेपणाचं पारडं थोडं जड राहिलं की पुरे, आणि या दोहोंच्या ओढाताणीतूनच शहाणपण येतं. खंत अजिबात नसलेल्या म्हाताऱ्या माणसानं बहुधा काही तरी पाहायचं टाळलेलं असतं. खुद्द एरिक्सनच्या घरात अशी एक गोष्ट होती. १९४४ मध्ये त्याला डाउन सिंड्रोम असलेला मुलगा झाला. त्या बाळाला संस्थेत ठेवलं गेलं आणि मोठ्या भावंडांना ते जन्मतःच गेलं असं सांगितलं गेलं. त्याच्या चरित्रकारानं हे पुढे उघडपणे लिहिलं. हे वाचल्यावर माझ्या मनातला त्याच्या सिद्धान्ताबद्दलचा आदर कमी झाला नाही. तो सिद्धान्त कोऱ्या पाटीच्या माणसानं लिहिलेला नाही, एवढं कळलं.

एरिक्सन १९६२ साली अहमदाबादला आला होता, हे आपल्यासाठी आणखी जवळचं. तिथं त्याला १९१८ च्या गिरणी संपाच्या वेळची माणसं भेटली. त्यांच्याशी बोलता बोलता गांधीजींवरचं त्याचं पुस्तक आकाराला आलं. चव्वेचाळीस वर्षांनंतर ती माणसं आपल्या तरुणपणातल्या काही आठवड्यांबद्दल बोलत होती. मला हे आठवलं याचं कारण भाषणानंतर भेटलेले एक काका. तेही गिरणीतले आणि तेही संपातले, फक्त संप दुसरा.

काका सत्त्याहत्तर वर्षांचे. ओळख पटू नये म्हणून बारीक तपशील मी बदलले आहेत. संघात त्यांची ख्याती कुरकुऱ्या अशी. गिरणीच्या जागी मॉल उभा राहिला यापासून नातवाच्या केसांपर्यंत सगळ्यावर त्यांचा राग. भाषण संपल्यावर ते थांबले आणि म्हणाले, “ते वीट येण्याचं बोललात ना बाई, ते माझ्याबद्दल होतं काय?” मी म्हटलं, “तुम्हाला तसं वाटलं असेल तर आपण बोलूया.” आम्ही आठ बुधवार बसलो. संघाच्या कचेरीत, दुपारी चार ते पाच, दार लोटून.

आठ बैठका हा आकडा मनाचा नाही. बार्बरा हाइट या अमेरिकन परिचारिका-संशोधिकेनं घराबाहेर न पडू शकणाऱ्या वृद्धांबरोबर काम करून जी रीत बसवली तीत सहा ते आठ आठवडे, आठवड्याला सुमारे एक तास, ऐकणारा एकच, असं धरलेलं आहे. क्रम ठरलेला : बालपण, वयात येणं, घर आणि संसार, कामाची वर्षं, आणि शेवटच्या बैठका फक्त तोलून पाहण्यासाठी. क्रम का लागतो ते काकांनी मला दाखवलं.

पहिल्या दोन बैठका ते खुलून बोलले. संगमेश्वरजवळचं गाव, वडील मुंबईत गिरणीत. सतराव्या वर्षी हेही आले, परळला एका खोलीत गावचे पंधरा-वीस पुरुष, जेवण खानावळीत. रोज सकाळी गिरणीच्या दारात कुणा गैरहजर कामगाराच्या जागी बदली काम मिळतं का म्हणून उभं राहायचं. मग साचेखात्यात कायम झाले. रात्रपाळी, भजनी मंडळ, कबड्डी. कुणाची पकड कशी चुकवली हेही आठवत होतं. यात नवल नाही. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी म्हातारपणी सर्वांत दाट असतात, हे अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे. माणसाला मोकळं सोडलं तर तो आठही बैठका त्याच वीस वर्षांत घालवील. ते छान असतं, त्यानं करमतं, पण त्याला आढावा म्हणता येत नाही. संघात ‘आठवणींची मैफल’ भरवतात तेव्हा नेमकं हेच होतं.

चौथ्या बैठकीत कामाची वर्षं आली. काका म्हणाले, “ब्याऐंशीला संप झाला. मग मी वॉचमनकी धरली. नव्वदला इकडे ठाण्याला आलो.” आठ वर्षं तीन वाक्यांत. कबड्डीच्या एका सामन्याला त्यांनी वीस मिनिटं दिली होती. ऐकणाऱ्यानं कान द्यायचे ते इथं. जिथं गोष्ट अचानक आटते तिथं काही तरी पुरलेलं असतं. दुसरी खूण याच्या उलट : एकच प्रसंग त्याच शब्दांत, त्याच ठिकाणी आवाज चढवून, पुन्हा पुन्हा. युनियनच्या पुढाऱ्यांबद्दल काका असं बोलत. तीन बैठकांत तीनदा, एकही नवा तपशील न येता. असं उगाळणं कितीही झालं तरी माणूस जागचा हलत नाही, उलट जखम ओली राहते. आठवण हलू लागली आहे हे कसं ओळखायचं? तीत नवी माणसं येतात, खोलीतल्या वस्तू येतात आणि ‘तेव्हा मला असं वाटलं’ हे शब्द येतात.

मी त्या दिवशी काही विचारलं नाही. पाचव्या बुधवारी विचारलं, “त्या आठ वर्षांत तुमच्या खोलीत कोण कोण राहत होतं?” साधा, मोजायचा प्रश्न. ते बोटं मोजायला लागले आणि थांबले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा त्यांची मुलगी सहावीत होती, मुलगा चौथीत. पाच-सहा महिन्यांनी उधारी बंद झाली. त्यांनी बायको आणि मुलगी गावाला पाठवली. मुलगा मुंबईत भावाकडे ठेवला. गावात शाळा सातवीपर्यंतच. मुलीची शाळा सुटली ती सुटलीच. “तिचा पहिला नंबर यायचा,” एवढं म्हणून त्यांनी टोपी काढून हातात घेतली. तासातली उरलेली पंधरा मिनिटं आम्ही न बोलता बसलो. हे लिहायला सोपं आहे. बसायला अवघड असतं. ‘जाऊ द्या हो काका, तुम्ही तरी काय करणार’ हे वाक्य माझ्या जिभेवर चार वेळा आलं. ते बोलले असते तर काका लगेच ‘हो ना’ म्हणाले असते आणि आम्ही पुन्हा कबड्डीकडे गेलो असतो.

सहावी बैठक या सगळ्याचा गाभा होती. मी विचारलं, “संपावर गेलात तेव्हा तुम्हाला काय माहीत होतं?” ते म्हणाले, महिना-दोन महिन्यांत मिटेल असं सगळे म्हणत होते, आधीचे संप मिटले होते. अडीच लाख माणसं बाहेर होती. गिरण्या पुन्हा पहिल्यासारख्या चालणार नाहीत हे त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षांनी शेवट माहीत असलेला माणूस त्या चौतिशीतल्या साचेवाल्याला दोषी ठरवत होता. ते ओझं त्यांचं नव्हतंच, आणि हे त्यांना स्वतःच्याच तोंडून ऐकू आलं. मग मी दुसरा प्रश्न विचारला, कारण तो न विचारणं ही लबाडी झाली असती : “भावाकडे दोघांपैकी एकाला ठेवायचं होतं. मुलाला का ठेवलंत?” बराच वेळ गेला. “तो मुलगा होता म्हणून,” ते म्हणाले. “दुसरं काय.”

संप काळाचा होता. ही निवड त्यांची होती. इतकी वर्षं दोन्ही एकाच गाठोड्यात बांधलेली होती, आणि त्या गाठोड्यावरचा राग युनियन, मॉल आणि नातवाचे केस यांच्यावर निघत होता. गाठोडं सोडल्यावर एक भाग खाली ठेवता आला आणि दुसरा हातात घ्यावा लागला. ‘पॉझिटिव्ह बोला’ म्हणणाऱ्यांनी दोन्ही भाग खाली ठेवायला सांगितलं असतं. प्रारब्ध म्हणणाऱ्यांनीही. माझा वाद आहे तो इथं.

सातव्या बैठकीत त्यांचे वडील पुन्हा आले. या वेळी पहिल्या बैठकीतल्यासारखे कर्तबगार नव्हेत, तर काकांच्या बहिणीला शाळेत घालायला नाही म्हणालेले. “त्यांना तरी कुणी सांगितलं होतं,” काका म्हणाले. त्यांचा सूर वडिलांना सोडून देण्याचा नव्हता, त्यांच्या शेजारी जाऊन बसण्याचा होता. आठव्या दिवशी मी या रीतीतला ठरलेला प्रश्न विचारला : पुन्हा जगायला मिळालं तर काय बदलाल, काय तसंच ठेवाल? त्यांनी वाट पाहायला लावली नाही. “संपावर जाणार. पोरीला मुंबईत ठेवणार.”

हे काम कुणाबरोबर करू नये, तेही सांगायला हवं. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप आणि भूक गेलेली आहे, कशातच रस नाही, मरणाची भाषा आहे, अशा माणसाला आधी डॉक्टर हवा. मानसिक आधारासाठीच्या टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक प्रत्येक संघाच्या फळ्यावर लिहिलेला हवा. स्मृतिभ्रंश झालेल्यांना जुनी गाणी, फोटो, वास यांनी बरं वाटतं, पण त्यांच्याकडून आयुष्य तोलून घेण्याचा हट्ट क्रूर आहे. घरच्या माणसानं ऐकणारा होऊ नये. तो त्या गोष्टीतलं एक पात्र असतो. आणि ज्याला बोलायचं नाही त्याला ओढू नये. आढाव्याची गरज प्रत्येकाला असतेच, हे बटलरचं म्हणणं मला थोडं जास्तीचं वाटतं. न बोलता नीट जगून गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

या सगळ्यालाही मर्यादा आहे. एरिक्सनची पत्नी जोन हिनं नव्वदी ओलांडल्यावर नववा टप्पा लिहिला, तो १९९७ मध्ये छापून आला. तिचं म्हणणं असं की नव्वदीत शरीरच रोज साथ सोडतं, तिथं नैराश्य मागच्या आयुष्याबद्दल उरत नाही, ते आजच्या दिवसाबद्दल असतं. पायऱ्या उतरताना पडू का, एवढाच प्रश्न. म्हणून आढावा पासष्ट ते ऐंशीच्या दरम्यान व्हावा असं मला वाटतं. आपले संघ नेमके त्याच वयाच्या माणसांचे आहेत. सहस्रचंद्रदर्शनाला शाल आणि श्रीफळ देऊन तो होत नाही. एका संघात दोन-तीन सभासद ऐकायला शिकले आणि एक बंद खोली मिळाली तर वर्षाला दहा-बारा माणसांचं काम होईल. निवृत्त शिक्षक, परिचारिका, पोस्टमन यातल्या कुणालाही हे शिकता येतं. ज्याला सल्ला दिल्याशिवाय राहवत नाही त्याला मात्र येत नाही.

आठ बैठका संपल्यावर काका चिपळूणला मुलीकडे गेले. ती आता चोपन्न वर्षांची आहे. ती त्यांच्या गळ्यात पडली नाही. आधी चिडली, म्हणाली आता सांगून काय उपयोग. मग रात्री जेवणं झाल्यावर तिनं बोलायला सुरुवात केली. पुढच्या बुधवारी, बैठक नसताना, काका माझ्या दारात उभे होते. “बाई, सातवीनंतर ती तीन महिने चालत जात होती दुसऱ्या गावच्या शाळेत. एकटी. पावसात. पऱ्याला पूर आला तेव्हा आईनं बंद केलं. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं.” मग थोडं थांबून म्हणाले, “हे आता कुठल्या बैठकीत घालायचं?”

मी वही काढली. सहाव्या बैठकीच्या पानावर समासात जागा होती. तिथं त्यांनी सांगितलं तसं लिहून घेतलं आणि त्यांना वाचून दाखवलं. ‘पाऊस’ या शब्दाच्या आधी त्यांनी ‘ऑगस्टमधला’ असं घालायला लावलं.